सोयाबीनचा भाव देणार कुठं, मोंढ्यात का खात्यात? जाहीरनाम्याचं सार काढायची रीत

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी लातूर जिल्ह्यातल्या आमच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जण रोज संध्याकाळी जाहीरनामे वाचायला बसायचो. कॉलेजची पोरं, दोन शिक्षक आणि मी. पक्षांच्या भल्यामोठ्या पुस्तिकांचं एकेका पानात सार काढून वाचनालयाच्या फळ्यावर लावायचं, एवढंच काम. एका पोरानं सोयाबीनपुढे लिहिलं होतं, ‘६,००० रुपये भाव देणार’. पेपर चाळायला आलेल्या एका शेतकरी काकांनी ते वाचलं आणि विचारलं, “सहा हजार देणार म्हणायलेत, ते ठीक. पण देणार कुठं? मोंढ्यात का खात्यात?”

म्हणजे धान्याच्या बाजारात माल विकतानाच, का नंतर बँकेच्या खात्यात? पोरगं गप्प. मीही गप्प. काकांना हवं होतं ते उत्तर जाहीरनाम्यात नव्हतं, आणि ते नाही हे आमच्या सारांशातही नव्हतं. पुढं हिशोब केला तेव्हा कळलं की त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर सरकारचा खर्च बाराशे कोटींवरून दहा हजार कोटींवर जातो. तेव्हापासून आम्ही सारांश तीन रकान्यांत लिहितो: काय देऊ म्हटलंय, त्याला पैसे किती लागतील, आणि काय सांगायचं राहिलंय. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी ती रीत इथं सांगतो. सोयाबीनचंच उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण मराठवाड्यात ते सगळ्यांना कळतं.

आधी मूळ कागद मिळवा

बातमीवरून सारांश करू नका. बातमीत ठळक दहा मुद्दे असतात आणि ते निवडलेले दुसऱ्या कुणीतरी असतात. पक्षाच्या संकेतस्थळावरून पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात तारीख टाका, कारण कधी कधी सुधारलेली प्रत मागाहून येते.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ असतो. आघाडीचा एक जाहीरनामा, आघाडीतल्या पक्षाचा दुसरा, आणि त्याआधी एखाद्या सभेत जाहीर झालेली ‘दहा वचनं’ किंवा ‘पाच गॅरंटी’ वेगळीच. २०२४ मध्ये महायुती आणि महाविकास आघाडी, दोघांच्याही बाबतीत असे एकाहून जास्त कागद होते. कोणतं आश्वासन कोणत्या कागदातलं, हे प्रत्येक ओळीपुढे लिहा. सभेतल्या भाषणातलं असेल तर ‘भाषण’ असं लिहा आणि वेगळं ठेवा. त्या वर्षी सोयाबीनला एका बाजूनं ६,००० आणि दुसऱ्या बाजूनं ७,००० चा आकडा फिरत होता. कोणता आकडा छापील आणि कोणता व्यासपीठावरचा, यावरून वाचनालयात चांगलीच हमरीतुमरी झाली होती.

क्रियापद पकडा

आता पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्याचं फक्त क्रियापद अधोरेखित करा. ‘देऊ’, ‘सुरू करू’, ‘भरू’, ‘रद्द करू’ ही आश्वासनं. ‘प्रयत्न करू’, ‘पाठपुरावा करू’, ‘सकारात्मक विचार करू’, ‘चालना देऊ’, ‘प्राधान्य देऊ’ या इच्छा. ‘आम्ही दिले’, ‘आम्ही केले’ हा मागचा हिशोब. तो जाहीरनाम्यात असतोच, पण आपल्या पानावर त्याला जागा नाही.

एवढं केलं की पुस्तिका निम्म्यानं तरी हलकी होते. नवख्या माणसाला वाटतं की इच्छा गाळल्या तर पक्षावर अन्याय होईल. गाळू नका, शेवटी एका ओळीत ‘या विषयांवर फक्त इच्छा व्यक्त केली आहे’ असं म्हणून विषयांची नावं द्या. पण त्यांना आश्वासनांच्या रांगेत बसवू नका.

एका वाक्यात तीन आश्वासनं असतील तर तीन ओळी करा. ‘सोयाबीन आणि कापसाला रास्त भाव देऊन प्रक्रिया उद्योग उभारू व निर्यातीला चालना देऊ’ यात भाव वेगळा, उद्योग वेगळा, आणि निर्यात ही नुसती इच्छा. ‘रास्त’ला आकडा नाही, तेही तिथंच टिपून ठेवा.

प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक हवाच. कुणी ‘हे आमच्या जाहीरनाम्यात नाहीच’ म्हटलं तर पान उघडून दाखवता यायला पाहिजे.

पाच प्रश्न

उरलेल्या प्रत्येक आश्वासनाला पाच प्रश्न विचारायचे. कोण देणार? कुणाला? काय आणि किती? कशा मार्गानं? कधीपासून? उत्तर जाहीरनाम्यातल्याच शब्दांत लिहायचं. उत्तर नसेल तर जागा रिकामी सोडायची. मोह होतो की आपल्याला माहीत असलेलं भरून टाकावं: ‘अर्थातच पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना’. पण ते ‘अर्थातच’ पक्षाचं नसतं, आपलं असतं. रिकाम्या जागा म्हणजेच आपला तिसरा रकाना. तो वेगळा शोधावा लागत नाही.

सरावासाठी मी एक वाक्य रचतो. कुठल्याही पक्षाचं शब्दशः नाही, पण अशी वाक्यं तुम्ही वाचलेली असतील: ‘आमचे सरकार आल्यावर सोयाबीन उत्पादकांना प्रति क्विंटल किमान ६,००० रुपये भाव देऊ.’

कोण देणार? राज्य सरकार, असं समजतं. कुणाला? ‘सोयाबीन उत्पादकांना’. सगळ्यांना का, किती हेक्टरपर्यंत, बटईनं करणाऱ्याला का सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला, हे रिकामं. किती? ६,०००, हे स्पष्ट. कशा मार्गानं? रिकामं. काकांचा प्रश्न तो हाच. कधीपासून? ‘सरकार आल्यावर’. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. तोवर बऱ्याच शेतकऱ्यांचं सोयाबीन मोंढ्यात जाऊन विकलं गेलं होतं. मग याच हंगामाला का पुढच्या, हेही रिकामं.

वाक्य वाचताना किती ठाम वाटतं, आणि पाचांतला एकच प्रश्न पुरता सुटतो.

खर्च: सोपं गणित आधी

सोयाबीनच्या आधी एक सोपं उदाहरण करू, म्हणजे हात बसेल. दरमहा ठरावीक रक्कम देण्याची आश्वासनं हिशोबाला सगळ्यांत सरळ असतात: माणसं गुणिले रक्कम गुणिले बारा.

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपयांची. निवडणुकीत महायुतीनं २,१०० चं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीनं महिलांना ३,००० चं. तेव्हा लाभार्थी सुमारे २.४ कोटी होत्या. १,५०० प्रमाणे एका बाईला वर्षाला १८,००० रुपये, म्हणजे एकूण ४३,२०० कोटी. २,१०० प्रमाणे ६०,४८० कोटी. ३,००० प्रमाणे ८६,४०० कोटी.

इथं नवख्यांची पहिली चूक होते. २,१०० च्या आश्वासनाचा खर्च म्हणून ते ६०,४८० कोटी लिहितात. १,५०० तर आधीपासून चालूच होते. नवं आश्वासन फक्त वरच्या ६०० रुपयांचं आहे, म्हणून नवा खर्च १७,२८० कोटी. ३,००० चं आश्वासन जुन्या योजनेच्या जागी येणार असेल तर नवा खर्च ४३,२०० कोटी. दोन्ही आकडे लिहा, एकूण आणि नवा, पण कोणता कोणता ते नीट सांगा. नाहीतर एका पक्षाचा एकूण खर्च आणि दुसऱ्याचा नवा खर्च शेजारी लावून कुणीही कुणालाही उधळ्या ठरवू शकतो.

हेच गणित उलटंही चालतं, आणि ते मला जास्त आवडतं. योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं होतं. त्याला १८,००० नं भागा. सुमारे २.५५ कोटी महिला येतात, म्हणजे योजना आखताना तेवढ्या धरल्या होत्या. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद होती ३६,००० कोटींची. १८,००० नं भागलं की बरोबर दोन कोटी. रक्कम २,१०० धरली तर आणखी कमी, दीड कोटीच्या खाली. म्हणजे तरतूद करताना एकतर नावं कमी होतील असं धरलं होतं, किंवा उरलेले पैसे वर्षाच्या मधे पुरवणी मागणीतून आणायचे होते. यातलं कोणतं खरं, ते आकडा एकटा सांगत नाही. पण नेमका प्रश्न कोणता विचारायचा ते सांगतो.

लागणारे आकडे बहुतेक दोन ठिकाणी मिळतात. राज्याचा अर्थसंकल्प संक्षिप्त रूपातही निघतो, आणि त्याच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ येते. जिल्ह्यापुरतं पाहायचं असेल तर ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ नावाची पुस्तिका असते. क्षेत्र, पिकं, गावं, शाळा असं सगळं त्यात सापडतं.

आता सोयाबीन

सुरुवात अधिकारापासून करावी लागते. हमीभाव केंद्र सरकार ठरवतं, कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. राज्यातला कोणताही पक्ष तो ६,००० करू शकत नाही. मग राज्याच्या हातात काय उरतं? खरेदीवर वरून बोनस, बाजारातल्या फरकाची भरपाई, किंवा हेक्टरी मदत. तिन्हींचा हिशोब वेगळा आणि तिन्ही वाटांनी पोचणारा शेतकरीही वेगळा.

हिशोबाला तीन आकडे धरू. राज्यात सोयाबीनचं क्षेत्र ५० लाख हेक्टरच्या आसपास. उतारा हेक्टरी १२ क्विंटल, म्हणजे एकरी पाचाला थोडा कमी. हे मी धरलेलं आहे, पाऊस बिघडला तर खाली येतं. यावरून उत्पादन ६ कोटी क्विंटल. मोंढ्यातला भाव ४,२०० धरू, कारण त्या हंगामात तो चार हजारांच्या थोडा वरच घुटमळत होता. धरलेले आकडे सारांशाच्या तळाशी ‘गृहीत’ म्हणून लिहायचेच, म्हणजे कुणाला उतारा दहा वाटला तर त्यानं स्वतः करून पाहावं.

पहिली वाट, मोंढ्याच्या बाजूची: सरकारी केंद्रावर हमीभावानं खरेदी आणि वर राज्याचा बोनस. हमीभाव ४,८९२, म्हणून बोनस १,१०८ रुपये. त्या हंगामात राज्यात हमीभावानं सुमारे ११ लाख टन सोयाबीन खरेदी झालं. टनाचे दहा क्विंटल, म्हणजे १.१ कोटी क्विंटल. गुणाकार केला की १,२१९ कोटी रुपये.

इथं माझी स्वतःची एक फजिती सांगतो. पहिल्या वेळी मी टनाचे क्विंटल करायला विसरलो आणि फळ्यावर १२२ कोटी लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी अडत दुकानातले मुनीमकाका आले, बघितलं आणि म्हणाले, “सर, एक शून्य कुठं सांडलं?” त्यानंतर मी प्रत्येक हिशोब एका शेतकऱ्यावर उतरवून तपासतो. ११ लाख टनाला १२२ कोटी म्हणजे क्विंटलला १११ रुपये. बोनस तर ११०८ धरला होता. चूक तिथंच उघडी पडली असती.

पण १,२१९ कोटी हा आकडा लहान दिसतो तो एका कारणानं. ६ कोटी क्विंटलमधले १.१ कोटीच केंद्रावर पोचले, म्हणजे पाचातला एक भागही नाही. बाकीच्यांनी मोंढ्यातल्या भावानं विकलं. का, ते आपल्याकडं कुणालाही विचारा. नोंदणी करून मेसेजची वाट बघायची, ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला की माल परत (त्या वर्षी नोव्हेंबरात तो १५ टक्क्यांपर्यंत चालेल असं केंद्रानं सांगितलं), बारदाना संपला की काटा बंद. दिवाळीला पैसे हवे असलेला माणूस एवढं थांबत नाही. म्हणून या वाटेनं ‘सोयाबीनला ६,०००’ याचा अर्थ होतो ‘केंद्रावर पोचलेल्या सोयाबीनला ६,०००’.

दुसरी वाट, खात्याची: भावांतर. मोंढ्यात विका, ६,००० पर्यंतचा फरक सरकार बँकेत टाकेल. फरक १,८००, माल ६ कोटी क्विंटल, खर्च १०,८०० कोटी. घरी बियाण्याला ठेवलेलं वजा केलं तरी दहा हजार कोटींच्या आसपासच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी अंदाजली होती. एका पिकाच्या भावांतराचा खर्च तिच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढा होतो. आणि हा आकडा स्थिर राहत नाही. मोंढ्यातला भाव शंभर रुपयांनी पडला की खर्च ६०० कोटींनी वाढतो. फरक सरकार भरणारच आहे म्हटल्यावर व्यापारी भाव वर नेण्याची घाई करत नाही. मध्य प्रदेशात २०१७ च्या भावांतर योजनेत भाव पाडल्याची तक्रार झाली ती याचमुळं. म्हणून जाहीरनाम्यात भावांतर म्हटलं असेल तर पाहा: फरक प्रत्येकाच्या पावतीवरून मोजणार का बाजार समित्यांच्या सरासरीवरून? सरासरीवरून मोजला तर ज्याचं सोयाबीन डागी निघालं आणि ३,६०० नं गेलं, त्याला ६,००० कधीच मिळत नाहीत.

तिसरी वाटही खात्याचीच, पण क्विंटलवर मोजलेली नाही: हेक्टरी मदत. हे महाराष्ट्रानं केलेलं आहे. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. सोयाबीनच्या वाट्याला सुमारे २,६४६ कोटी मंजूर झाले होते. सरकारला हे सोपं पडतं, कारण ई-पीक पाहणीची नोंद हाताशी असते आणि खर्चाला टोपण लागलेलं असतं. पण शेतकऱ्यावर उतरवून बघा. हेक्टरी १२ क्विंटलला ५,००० म्हणजे क्विंटलला ४१७ रुपये. ४,२०० अधिक ४१७, झाले ४,६१७. सहा हजार नाहीतच. खरे सहा हजार करायचे तर हेक्टरी २१,६०० द्यावे लागतील, आणि ५० लाख हेक्टरनं गुणलं की परत तेच १०,८०० कोटी. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की गणित बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

चौथी वाट राज्याच्या हातातली नाही, पण जाहीरनाम्यांत डोकावते: खाद्यतेलाच्या आयातीवर शुल्क वाढवायला लावू, म्हणजे इथला भाव चढेल. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं शुल्क वाढवलंही होतं, आणि मोंढ्यातला भाव तरी हमीभावाखालीच राहिला. या वाटेचा खर्च सरकारी तिजोरीत दिसत नाही, तो तेलाच्या पिशवीवर दिसतो. खर्चाच्या रकान्यात ‘शून्य’ लिहू नका. ‘ग्राहकावर’ असं लिहा, आणि पुढे ‘निर्णय केंद्राचा’.

तर एक वाक्य, आणि खर्च १,२१९ कोटींपासून १०,८०० कोटींपर्यंत. या दोन टोकांची सरासरी काढून ‘सुमारे सहा हजार कोटी’ असं कधीही लिहू नका. यातली कोणतीच वाट सहा हजार कोटींची नाही. वाटा वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच दाखवायच्या.

अस्पष्ट म्हणजे काय, काय नाही

तिसऱ्या रकान्यात राग काढायला जागा मिळते असं पोरांना वाटतं. ‘नेहमीसारखी थाप’, ‘हे शक्यच नाही’ असं लिहून टाकतात. तो अस्पष्टपणा नव्हे, ते तुमचं मत. आश्वासन महाग असलं म्हणून अस्पष्ट होत नाही. ‘प्रत्येक महिलेला दरमहा ३,०००’ हे महाग असेल, पण रकमेबाबत स्पष्ट आहे. उलट ‘टप्प्याटप्प्यानं’ स्वस्त वाटतं आणि पूर्ण अस्पष्ट असतं.

मी तो रकाना नेहमी प्रश्नाच्या रूपात लिहितो. असा प्रश्न, की उमेदवार गावात आला तर पारावर त्याला विचारता येईल. ‘पात्रतेचे निकष अस्पष्ट’ असं लिहिण्यापेक्षा ‘सामायिक खातं असेल तर पैसे कुणाच्या नावावर?’ हे जास्त उपयोगी. २०२३ च्या त्या मदतीत सामायिक खातेदारांची संमतीपत्रं गोळा करताना गावोगाव भावकी एका टेबलाशी आणावी लागली होती. प्रश्न खरा कुठून येतो ते अशा आठवणींतून कळतं.

काही शब्दांपाशी मात्र थांबायचंच. ‘पात्र’, ‘गरजू’, ‘निकषांनुसार’, ‘टप्प्याटप्प्यानं’, ‘योग्य वेळी’. २०१७ च्या जूनमध्ये शेतकरी संपानंतर कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा ‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकष’ हे तीन शब्द मराठवाड्यात पोराटोरांच्या तोंडी बसले होते. सरसकट म्हणजे सगळ्यांना, तत्त्वतः म्हणजे मान्य पण अजून नाही, आणि निकष म्हणजे सगळ्यांना नाही. तिन्ही एकाच घोषणेभोवती. जाहीर आकडा ३४,०२२ कोटींचा आणि ८९ लाख शेतकऱ्यांचा होता. दीड लाखाची मर्यादा, अर्ज, छाननी असं करत प्रत्यक्षात पोचलेली रक्कम आणि माणसं त्याहून पुष्कळ कमी भरली. म्हणून ‘संपूर्ण कर्जमाफी’ दिसली की विचारायचं: कोणत्या तारखेपर्यंतचं कर्ज, पीककर्जच का मध्यम मुदतीचंही, थकबाकीदारच का नियमित भरणाराही? यातली तारीख एका वर्षानं सरकली तरी खर्च हजारो कोटींनी हलतो.

मराठवाड्यातल्या जाहीरनाम्यांत पाण्याचं एक आश्वासन ठरलेलं असतं: वॉटर ग्रिड, म्हणजे ११ धरणं मोठ्या जलवाहिन्यांनी जोडायची. त्याचा हिशोब इथं करत नाही, वेगळा विषय आहे. फक्त दोन गोष्टी टिपायच्या. पाइपाचा खर्च एकदाच आणि विजेचा दरमहा, आणि जाहीरनामे पहिलाच सांगतात. वीजबिल थकून बंद पडलेली प्रादेशिक नळयोजना आपल्या तालुक्यात सापडायला लांब जावं लागत नाही. दुसरं म्हणजे धरणं जोडल्यानं पाणी वाढत नाही. अकराही धरणं तळाला गेलेली असतील त्या वर्षी पाइपात पाणी कुठून येणार, हा प्रश्न तिसऱ्या रकान्यात जातो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी प्यायलेल्या लातूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही.

पैसे आणणार कुठून

जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानांत यासाठी काही आहे का, ते एकदा शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगानं आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी वेगळा भाग घातला. आश्वासनं पुरी करायला लागणारा पैसा कुठून येईल, हे पक्षांनी ढोबळमानानं सांगावं अशी अपेक्षा त्यात आहे. बहुतेक ठिकाणी तुम्हाला ‘गळती रोखून’ किंवा ‘उत्पन्न वाढवून’ एवढंच मिळेल. तेही शब्दशः उतरवा. काहीच नसेल तर ‘निधीचा स्रोत दिलेला नाही’ एवढी एक ओळ पुरे, तिला विशेषण लावू नका.

फळ्यावर काय लागलं

सोयाबीनची नोंद शेवटी आम्ही अशी लिहिली:

आश्वासन: सोयाबीनला प्रति क्विंटल किमान ६,००० रुपये भाव (जाहीरनामा, पान क्रमांक).

खर्च: मार्ग सांगितलेला नाही. सरकारी केंद्रावर बोनस दिला तर सुमारे १,२०० कोटी, आणि लाभ पाचातल्या एका भागाहून कमी मालाला. बाजारातला पूर्ण फरक भरला तर सुमारे १०,८०० कोटी. आधीसारखी हेक्टरी ५,००० मदत दिली तर अडीच हजार कोटींच्या पुढे, पण भाव ६,००० होत नाही. गृहीत: ५० लाख हेक्टर, हेक्टरी १२ क्विंटल, बाजारभाव ४,२००, हमीभाव ४,८९२.

राहिलेले प्रश्न: मोंढ्यात का खात्यात? याच हंगामात का पुढच्या? किती हेक्टरपर्यंत? बटईदाराला का मालकाला? हमीभाव पुढच्या वर्षी वाढला तर ६,००० तेवढेच राहणार का?

तो शेवटचा प्रश्न नंतर महत्त्वाचा ठरला. २०२५-२६ ला हमीभाव ५,३२८ झाला, म्हणजे त्याच ६,००० साठीचा बोनस १,१०८ वरून ६७२ वर आला. पक्षानं काहीही न करता आश्वासन स्वस्त झालं. त्यामुळं आता आम्ही फळ्यावरच्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात आकडे कोणत्या तारखेचे आहेत ते लिहितो, आणि नवा हमीभाव किंवा नवा अर्थसंकल्प आला की खर्चाचा रकाना परत करतो.

लावण्याआधी एक तपासणी करतो. सारांश ज्या पक्षाचा आहे त्याच्या एका कार्यकर्त्याला आणि विरोधातल्या एकाला वाचायला देतो. पहिल्याला विचारतो, “तुमचं काही राहिलं का?” दुसऱ्याला विचारतो, “यांचं काही जास्त लिहिलंय का?” दोघं एकाच ओळीवर बोट ठेवतात तिथं बहुतेक वेळा आमचं विशेषण घुसलेलं असतं. सोयाबीनच्या पानावर ते ‘फक्त’ होतं: ‘फक्त पाचातल्या एका भागाला’. आम्ही ‘फक्त’ खोडलं. काका दुसऱ्या दिवशी आले, चष्मा लावून पूर्ण पान वाचलं, आणि पोराला म्हणाले, “आता माझा प्रश्न लिहिलास. त्यांचं उत्तर आलं की खाली लिही, जागा सोड तेवढी.”